पांढरी तीनच्या जरा खाली

ध्यानाच्या आणि योगाच्या प्लेलिस्टमधल्या संगीताला बहुतेकदा आईबाप नसतात. सिनेमाचं गाणं अर्धवट आठवलं तरी घरात कुणीतरी सिनेमा, नट, साल सगळं सांगून मोकळं होतं. पण शवासनात कानावर पडणारी बासरी कुणाची, हे विचारायला जावं तरी कुणाकडे? आमच्या राजारामपुरीतल्या योगवर्गाच्या मॅडम एक तासाभराचा व्हिडिओ लावतात. त्यावर कमळाचं चित्र आहे, '432 Hz' असे मोठे आकडे आहेत आणि खाली भरपूर आशीर्वाद आहेत. कलाकाराचं नाव मात्र कुठंच नाही. त्यात शेवटाकडे एक सहा-सात मिनिटांची बासरी आहे, आणि तिच्यापायी माझं शवासन कधीच नीट झालेलं नाही.

पहिला उपाय कुणीही करेल तोच. फोनवर गाणं ओळखणारं शझाम ॲप उघडलं, व्हिडिओ लावला आणि वाट बघितली. 'सापडलं नाही.' पुन्हा तेच.

शझाम नक्की काय ऐकतं, हे कळलं की त्याचा राग येत नाही. त्याची पद्धत एव्हरी वांग यांनी 2003 साली एका निबंधात उघड मांडली आहे. आवाजाचा एक आलेख काढायचा: आडवा काळ, उभी कंपनसंख्या. त्यातले सर्वांत ठसठशीत बिंदू तेवढे ठेवायचे, बाकी पुसून टाकायचं. उरतो तो ताऱ्यांच्या नकाशासारखा ठिपक्यांचा पट; वांग यांनीही त्याला तारकासमूहाचंच नाव दिलं आहे. मग दोन-दोन ठिपक्यांच्या जोड्या लावायच्या आणि पहिल्याची कंपनसंख्या, दुसऱ्याची कंपनसंख्या आणि मधलं अंतर, एवढं टिपून ठेवायचं. म्हणजे शझाम चाल ओळखत नाही, विशिष्ट ध्वनिमुद्रण ओळखतं. त्याच वादकानं तीच धून उद्या पुन्हा वाजवली, तर ती त्याला परकीच. ध्यानाच्या संगीतात आणखी एक अडचण असते. लांबलचक षड्ज, मागे लाटांचा आवाज, सगळं एकमेकांत विरघळलेलं. ठसठशीत बिंदू येणार कुठून? म्हणून फोन पुढे करायचा तो बासरी एखादी स्पष्ट जागा घेते तेव्हा, नुसता तंबोरा आणि समुद्र चालू असताना नाही. मी तेही केलं. तरी नाहीच.

कोडं सुटलं ते वरच्या मजल्यावरच्या काकांमुळे. काका एसटीतून निवृत्त झालेत, देवल क्लबची मैफल सहसा चुकवत नाहीत, आणि संध्याकाळी गॅलरीत बासरी वाजवतात. मी व्हिडिओ ऐकवला, तर ते बासऱ्यांचा जुडगाच घेऊन खाली आले.

"पांढरी तीनची दिसतीया," म्हणत त्यांनी पेटीच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीवर षड्ज असलेली बासरी उचलली, दोन स्वर लावले आणि तोंड वाकडं केलं. मग पांढरी दोनची घेतली. तीही नाही.

"ह्यो गडी दोन्हीच्या मधी कुठंतरी बसलाय बघ. पांढरी तीनच्या जरा खाली. असली बासरी कोण करतंय?"

बासरीवाला ओठांचा कोन बदलून स्वर थोडा चढवू-उतरवू शकतो, पण सगळा वेळ असं खाली दाबून कुणी वाजवत नाही. फोनवरच्या ट्यूनरनं काकांच्या कानाला दुजोरा दिला. पेटीच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमधलं अंतर शंभर भागांत, म्हणजे सेंटमध्ये मोजतात. काटा तीसच्या आसपास खाली रेंगाळत होता. आणि व्हिडिओवरचे ते मोठे आकडे तर पहिल्या दिवसापासून समोरच होते.

आंतरराष्ट्रीय मानकानुसार पेटीचा मधला ए सेकंदाला 440 कंपनांवर लावतात. हे 1955 साली ठरलं. ध्यानाच्या जगात मात्र 432 म्हणजे विश्वाचा सूर, असा एक समज पसरला आहे. त्यामुळे कितीतरी मंडळी तयार संगीत घेऊन तेच तेवढं खाली ओढतात आणि नव्यानं अपलोड करतात. कधी श्रद्धेपोटी, कधी मूळ मालकाच्या स्वयंचलित पहाऱ्याला चुकवायला. आता ज्या संगीतात प्रत्येक जण आपल्या गळ्याला मानवेल तिथं षड्ज धरतो, त्या संगीताच्या बासरीला विश्वाचा सूर कसला आलाय, हा माझा प्रश्न. पण हिशेब साधा आहे. 440 चे 432 केले की स्वर 32 सेंट खाली येतो. आलेखावरचा एकूण एक ठिपका सरकतो आणि शझामच्या टिपणवहीतल्या नोंदी जुळेनाशा होतात.

मग उलटा प्रवास. यूट्यूबचा वेग वाढवून उपयोग नाही, कारण तिथं वेग बदलला तरी स्वर तसाच ठेवतात. लॅपटॉपवर वाजतानाच तो तुकडा ऑडॅसिटीत रेकॉर्ड केला. ऑडॅसिटी ही आवाजाच्या संपादनाची प्रणाली फुकट मिळते. तिच्यात Change Speed and Pitch नावाचा पर्याय आहे, त्यात 1.852 टक्के वाढ भरली, कारण 440 भागिले 432 म्हणजे 1.0185. काही जण स्वर खाली आणताना वेग तसाच ठेवतात. तसं असतं तर नुसता Change Pitch वापरावा लागला असता. नवा तुकडा वाजवताच काकांनी पांढरी तीनची बासरी लावली आणि ती चपखल बसली. शझामनंही काही सेकंदांत उत्तर दिलं.

उत्तर बघून मात्र हिरमोड झाला. कलाकाराच्या जागी स्पा, झेन आणि रिलॅक्सेशन या शब्दांची खिचडी होती. फोटो नाही, माहिती नाही. आल्बम 2021 चा, कुठल्याशा संकलनाचा.

इथं माझ्या मनात वेगळीच शंका शिरली. स्वीडनच्या 'डागेन्स न्यूहेटर' या दैनिकानं 2022 साली दाखवून दिलं होतं, की स्पॉटिफायवरच्या पाचशेहून अधिक 'कलाकारां'मागे जेमतेम वीसेक संगीतकार आहेत. पुढे 2024 साली त्याच दैनिकानं योहान रोर या एकाच माणसाची साडेसहाशेहून जास्त टोपणनावं उजेडात आणली. शांत, शब्द नसलेलं, पार्श्वभूमीला चालणारं संगीत हेच या धंद्याचं मुख्य पीक. शिवाय बासरीचे तयार तुकडेही विकत मिळतात. ते संगणकावर जोडले की झाली धून. आमची बासरी त्यातलीच निघाली तर?

काकांनाही संशय होता. "ह्यो श्वास कुठं घेतोय, सांग बघू. एवढा मोठा स्वर आणि मधी दम न्हाई?"

पण श्वास न ऐकू येणं हा पुरावा पुरेसा नाही. भरपूर गुंजन आणि लाटा मिसळल्या की दोन स्वरांमधली फट बुजून जाते, आणि संपादनात श्वास कापूनही टाकतात. त्यापेक्षा पक्की खूण म्हणजे पुन्हा येणारी जागा. त्या धूनमध्ये गंधारावरून पंचमाकडे सलग घसरत जाणारी एक मींड वरचेवर येते. आम्ही त्या सगळ्या जागा कापून एकामागून एक लावल्या. तुकडा तयार असता तर त्या तंतोतंत सारख्या निघाल्या असत्या. इथं एकीत पंचमाला पोचायला उशीर होता, एकीत आधी धैवताला हलका स्पर्श होता, एक चक्क जराशी फसली होती. काका खूश झाले. "माणूस हाय."

माणूस आहे तर नावही असणार. प्रत्येक व्यावसायिक ध्वनिमुद्रणाला बारा चिन्हांचा एक क्रमांक देतात, त्याला आयएसआरसी म्हणतात. पहिली दोन अक्षरं देशाशी बांधलेली, पुढची तीन चिन्हं नोंदणीदाराची, मग सालाचे दोन आकडे आणि शेवटी पाच आकडी अनुक्रम. गाण्याच्या ॲपवर तो सहसा दिसत नाही, पण isrcsearch.ifpi.org वर शीर्षक आणि कलाकाराचं नाव टाकून शोधता येतो. आमच्या क्रमांकाची सुरुवात IN नं होती. म्हणजे नोंद आपल्याकडची. आणि सालाचे आकडे होते 14. आल्बम 2021 चा आणि क्रमांक 2014 चा! ध्वनिमुद्रण नव्या संकलनात गेलं तरी त्याचा क्रमांक तोच राहायला हवा, असा नियम आहे. मग शीर्षक सोडून नुसता क्रमांकच शोधायला टाकला. जुना आल्बम वर आला, त्यावर दोन नावं होती: एक संगीतकार, एक बासरीवादक. लांबी 6 मिनिटं 40 सेकंद. वर्गातल्या व्हिडिओत तीच धून साधारण 6 मिनिटं 47 सेकंद चालते, म्हणजे वेगही तेवढाच कमी केला होता. हिशेब दोन्हीकडून जुळला.

दर वेळी असं जुळत नाही. टोपणनावानं पुन्हा विकताना काही जण सरळ नवा क्रमांक घेतात. मग ॲपवरची श्रेयनामावली उघडून संगीतकाराचं नाव आणि ℗ या खुणेपुढचं मालकाचं नाव बघायचं, आणि त्याच मालकाच्या इतर आल्बममध्ये तेवढ्याच लांबीची धून धुंडाळायची. संगीतकार अशानं बरेचदा हाती लागतो, कारण मानधन त्याच्या नावावर जमा व्हायचं असतं. वाजवणारा निसटतो. तो स्टुडिओत आला, एकरकमी पैसे घेतले आणि गेला. आपल्या कॉपीराइट कायद्यात 2012 च्या दुरुस्तीनं 38 ब हे कलम आलं. कलाकाराला आपल्या सादरीकरणाखाली आपलं नाव मागण्याचा हक्क त्यानं मिळाला. ध्यानाच्या संकलनांपर्यंत हे कलम अजून पोचलेलं दिसत नाही.

आता गंमत अशी, की एवढा खटाटोप करून मिळालेलं बासरीवादकाचं नाव मी इथं देत नाहीये. त्यांचा आल्बमच्या कंपनीशी काय करार आहे, कुणास ठाऊक. त्यांना विचारल्याशिवाय छापणं बरं दिसणार नाही. पत्र लिहिलंय. व्हिडिओचा दुवा, दोन्ही आल्बमची नावं आणि तो क्रमांक त्यात घातलाय.

पत्र पाठवायच्या आधी काका खाली आले. त्यांना एक प्रश्न घालायचा होता. मूळ आल्बम नीट ऐकल्यावर त्यांना पाचव्या मिनिटाच्या सुमारास मंद्रातला, म्हणजे खालच्या सप्तकातला गंधार सापडला होता. पांढरी तीनच्या बासरीवर सहाही भोकं बंद केली तरी मंद्र पंचमाच्या खाली उतरता येत नाही. सातवं भोक असलं तर फार तर तीव्र मध्यम मिळतो.

"दुसरी मोठी बासरी घेतली असणार," काका म्हणाले. "लिही, कुठल्या पट्टीची हुती, आणि दोन्ही त्यांनीच वाजवल्या का म्हणून."