आमची वाटचाल : गणवेशाचं दुकान आणि पाच तारखेचा हिशेब

नौपाड्यातलं आमचं शालेय गणवेशाचं दुकान सासऱ्यांनी 1987 साली उघडलं. म्हातारपणाची सोय म्हणून त्यांनी वेगळं काही केलं नाही. त्यांच्या मते दुकानाचा गाळा आणि आतला माल हीच पेन्शन होती. गाळा अजून आहे. पण गणवेशाच्या मालाबद्दल मी हिशेब बघायला लागले तेव्हाच माझं मत वेगळं झालं. शाळेचा बिल्ला शिवलेला शर्ट त्या एका शाळेपुरताच असतो. शाळेने रंग बदलला की पाचशे शर्टांची किंमत चिंध्यांइतकी उरते. अशा मालावर कुणी निवृत्त होऊ नये.

आमच्या पैशाचं वेळापत्रक आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच ठरलं. जानेवारी-फेब्रुवारीत सोलापूरला आणि उल्हासनगरला ऑर्डर द्यायची, तेव्हा पैसे बाहेर जातात. माल मार्चअखेर उतरतो. काही शाळा एप्रिलमध्ये भरतात, बाकीच्या जूनच्या मध्यावर, म्हणजे वर्षाची निम्म्याहून जास्त विक्री मे-जूनमध्ये होते. त्यानंतर रेनकोट, दिवाळीत मुलांचे कपडे, डिसेंबरात थोडे स्वेटर. पितृपक्षात आणि जानेवारीत गल्ला उघडायला लाज वाटावी इतका धंदा असतो. दर महिन्याला ठरावीक रक्कम बाजूला टाकण्याचा नोकरदारांचा सल्ला आमच्याकडे दोनदा करून पाहिला आणि दोन्ही वेळा फेब्रुवारीत मोडला.

म्हणून 2008-09 मध्ये सुहासच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या नावाने पीपीएफ, म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचं खातं उघडलं. पीपीएफ दुकानाच्या नावाने निघत नाही, एकत्र कुटुंबाच्या नावानेही नाही. ते व्यक्तीचंच असतं, त्यामुळे दुकानातून आधी मालकाची उचल दाखवून पैसे घरच्या खात्यात आणावे लागतात. आम्हाला भावली ती त्याची ढिलाई. वर्षाला किमान 500 रुपये भरले की खातं चालू, जास्तीत जास्त दीड लाख (तेव्हा मर्यादा 70 हजार होती), आणि मधल्या रकमा कधी, किती, हे आपण ठरवायचं.

व्याज मात्र तारीख बघतं. महिन्याच्या पाच तारखेनंतर ते महिनाअखेर, या काळात खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असेल तिच्यावर त्या महिन्याचं व्याज धरतात. पाच तारखेपर्यंत पैसे जमा झाले तर तो महिना मिळाला, सहा तारखेला झाले तर गेला. चेक दिला तर तो वटल्याचा दिवस धरतात, म्हणून आम्ही एक तारखेलाच ऑनलाइन पाठवतो.

सगळीकडे सांगतात की वर्षाचे पैसे 5 एप्रिलच्या आत भरा, म्हणजे बाराही महिन्यांचं व्याज मिळतं. हिशेब बरोबर आहे, पण तो ज्याच्याकडे एप्रिलमध्ये पैसे मोकळे आहेत त्याच्यासाठी. आमचं उदाहरण घ्या. एक लाख रुपयांवर 7.1 टक्क्यांनी महिन्याचं व्याज साधारण 592 रुपये होतं. एप्रिलऐवजी जुलैत भरले तर तीन महिन्यांचे मिळून 1,775 रुपये बुडतात. तेच एक लाख मार्चअखेर माल उतरताच कापडवाल्याला रोख दिले, तर तो 3 टक्के सोडतो, म्हणजे 3,000 रुपये. शिवाय पुढच्या हंगामात आपला माल आधी निघतो, त्याची किंमत कागदावर मांडता येत नाही. त्यामुळे आमचा मोठा भरणा 5 एप्रिलला नसून 5 जुलैच्या आत असतो.

इथे एक सावधगिरी लागते. जुलैच्या सुरुवातीला खातं गच्च दिसतं, पण त्यात जूनच्या विक्रीचा जीएसटी असतो, जो 20 जुलैपर्यंत भरायचा आहे, आणि उधारीच्या मालाचे पैसेही असतात. ही दोन्ही वजा केल्यावर हंगामाचा जो नफा उरतो त्याचा चौथा हिस्सा मी पीपीएफला टाकते. दिवाळीनंतर याच पद्धतीने दुसरा भरणा, जमलं तर. मार्चमध्ये फक्त किमान रक्कम गेली आहे ना, एवढं तपासायचं. ती चुकली तर खातं बंद पडल्यात जमा होतं. वर्षाला 50 रुपये दंड आणि थकलेले 500 भरून ते जिवंत होतं, पण तोवर उचलही मिळत नाही आणि कर्जही नाही.

या नियमाचा अर्थ 2020 मध्ये कळला. जानेवारी-फेब्रुवारीत नेहमीसारखी ऑर्डर दिली होती, माल मार्चमध्ये दुकानात आला आणि शाळा बंद झाल्या. जून 2020 गेला, जून 2021 ही गेला. बिल्ल्याचा माल, परत कोण घेणार? सोलापूरच्या व्यापाऱ्याचे पैसे देणं होतं आणि तोही आमच्यासारखाच अडकला होता.

पीपीएफमधून, खातं उघडल्याचं वर्ष पहिलं धरून, सातव्या आर्थिक वर्षापासून वर्षातून एकदा पैसे काढता येतात. किती, याचं सूत्र असं : मागच्या वर्षाअखेरची शिल्लक आणि पैसे काढण्याच्या वर्षापासून मागे मोजत चौथ्या वर्षाअखेरची शिल्लक, यांतली जी कमी तिच्या निम्मे. 2020-21 साठी आम्हाला 31 मार्च 2020 आणि 31 मार्च 2017 या दोन तारखा बघायच्या होत्या. 2017 ची शिल्लक अर्थातच कमी, साधारण 5 लाख 20 हजार. म्हणजे 2 लाख 60 हजारांपर्यंत हात पोचत होता. अडीच लाख काढले. कारण सांगावं लागलं नाही, परतफेड नाही, कर नाही. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी खात्यात फक्त 500-500 रुपये टाकले.

सुहासच्या नावाने एनपीएस, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेचं खातंही होतं, 2016 पासून. तिथून त्या वर्षी एक पैसाही मिळाला नाही. साठीच्या आधी अंशतः पैसे काढायची मुभा आहे, पण आपण भरलेल्या रकमेच्या 25 टक्क्यांपर्यंत, आणि मुलांचं शिक्षण, लग्न, घर, गंभीर आजार अशा ठरावीक कारणांसाठी. व्यापाऱ्याचं देणं त्या यादीत नाही. वर मार्च 2020 मध्ये शेअर बाजार कोसळल्यावर एनपीएसचं स्टेटमेंट उघडवत नव्हतं. सुहास तेव्हा फार चिडला होता. माझं म्हणणं उलटं होतं आणि अजूनही आहे : दुकानदाराच्या हाताला लागेल असा प्रत्येक पैसा शेवटी मालात जातो. एनपीएस हाताला लागलं असतं तर तेही गेलं असतं.

पण एनपीएस आमच्या गळ्यात मारलं गेलं ते या कारणासाठी नव्हे, करासाठी. एजंटाने सांगितलं होतं की पीपीएफच्या दीड लाखांवर आणखी 50 हजारांची वजावट मिळेल. सुरुवातीला काही हजार वाचलेही. 2019-20 पासून 5 लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर करच उरला नाही, आणि आमचं उत्पन्न त्याच्या आतलं. आता नव्या करपद्धतीत या वजावटी नाहीतच, पण 2025-26 पासून 12 लाखांपर्यंतच्या धंद्याच्या उत्पन्नावर कर शून्य आहे. आमच्यासारखे बरेच दुकानदार आयकराच्या 44एडी कलमाखाली उलाढालीच्या 6 किंवा 8 टक्के नफा दाखवतात. साठ लाखांच्या उलाढालीला तो पाच लाखांच्याही आत येतो. अशा दुकानदाराला एनपीएसने कर वाचतो असं कुणी सांगितलं, तर कोणता कर, एवढंच विचारावं.

कर बाजूला ठेवल्यावर एनपीएसमध्ये दोन गोष्टी उरतात. एक, त्यातला शेअरचा भाग पंधरा-वीस वर्षांत पीपीएफच्या पुढे जाऊ शकतो, हमी नाही. दोन, शेवटी काही रकमेची ॲन्युइटी, म्हणजे तहहयात मासिक रक्कम, घ्यावीच लागते. पूर्वी साठीला 40 टक्क्यांची सक्ती होती. डिसेंबर 2025 च्या नियमांनी सरकारी नोकर नसलेल्यांसाठी ती 20 टक्के केली, आणि 8 लाखांपर्यंतची रक्कम पूर्ण काढता येते. समजा 20 लाख जमले, तर 4 लाखांची ॲन्युइटी. साडेसहा टक्के धरले तर महिन्याला साधारण 2,165 रुपये, तेही करपात्र. याला पेन्शन म्हणणं धाडसाचं आहे. आम्ही तिथे वर्षाला 12 हजार भरतो, तेही जुलैतच. किमान 1,000 नाही भरले तर ते खातंही गोठतं.

पीपीएफची आणखी एक बाजू मालकी हक्काच्या धंद्यात महत्त्वाची आहे. अशा धंद्यात दुकानाचं कर्ज म्हणजे मालकाचंच कर्ज. घेणेकऱ्याने कोर्टाचा हुकूमनामा आणला, तरी पीपीएफमधली रक्कम जप्त होत नाही. कराच्या थकबाकीला मात्र हे संरक्षण नाही.

सुहासच्या खात्याची मुदत 1 एप्रिल 2024 ला भरली. पंधरा वर्षं खातं उघडल्या दिवसापासून मोजत नाहीत, त्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून मोजतात. आमच्या ओळीतल्या स्टेशनरीवाल्या काकांनी मुदत संपल्यावरही दोन वर्षं पैसे भरले. काउंटरवर कुणी अडवलं नाही. मुदतवाढीचा फॉर्म 4 एका वर्षाच्या आत दिला नव्हता, त्यामुळे जुन्या शिल्लकेवर व्याज चालू राहिलं, पण नव्या भरण्यावर काहीच नाही. आणि ते वर्ष उलटल्यावर भरणा चालू ठेवून मुदत वाढवण्याचा पर्यायही संपतो. म्हणून फॉर्म दिल्यावर पासबुकावर मुदतवाढीची नोंद झाली आहे का, हे मी स्वतः बघून आले.

आमचा सध्याचा टप्पा 31 मार्च 2029 पर्यंत आहे. त्याच्या सुरुवातीला शिल्लक साडेअकरा लाखांच्या आसपास होती, आणि पाच वर्षांत मिळून तिच्या 60 टक्के, म्हणजे 6 लाख 90 हजारांपर्यंत, काढता येतात, वर्षातून एकदाच. काढायचे नाहीत असं ठरलंय. माझं स्वतःचं खातं 2011-12 मधलं, त्याची मुदत 1 एप्रिल 2027 ला भरेल. नेमका तेव्हा माल उतरत असतो आणि सुहासची नजर त्या रकमेवर आहे, हे मला माहीत आहे. मुदतवाढीचा फॉर्म मी आताच भरून गल्ल्याच्या खालच्या खणात ठेवला आहे. फक्त तारीख टाकायची बाकी आहे.