अंशाला अंशाने भागलं, छेदाला छेदाने, आणि उत्तर बरोबर आलं

मी वर्कशीटची उत्तरं लिहिते. शेवटचा आकडा काढायला वेळ लागत नाही, वेळ जातो तो पायरी का केली ते लिहिण्यात आणि त्याआधी मुलांनी सोडवलेल्या कच्च्या प्रती वाचण्यात. कुठली चूक सगळे करतायत ते त्या वाचल्याशिवाय कळतच नाही.

परवा अपूर्णांकांच्या गुणाकार-भागाकाराचा गठ्ठा आला होता, तपासणाऱ्या सहकाऱ्यांकडून जाऊन आलेला. त्यात एका प्रतीत हे होतं:

८/१५ ÷ २/३ = (८ ÷ २)/(१५ ÷ ३) = ४/५

आणि त्यावर लाल फुली. उत्तरसूचीत उत्तर ४/५ च आहे! शेजारी शेरा होता, "पद्धत चूक, उत्तर योगायोगाने आले". मी तिथेच थांबले, आणि खरं सांगायचं तर अजून तिथेच आहे.

योगायोग कसला? वर्कशीटच्या पहिल्या पानावर गुणाकार आहेत, तिथे आपणच शिकवतो की अंशाला अंशाने गुणा, छेदाला छेदाने गुणा. भागाकार म्हणजे गुणाकाराची उलट क्रिया. म्हणजे प्रश्न असा आहे की कशाला २/३ ने गुणलं तर ८/१५ येईल? वरती कशाला २ ने गुणून ८ झाले, तर ४. खाली कशाला ३ ने गुणून १५ झाले, तर ५. झालं की, ४/५. पडताळा घ्या, ४/५ × २/३ = ८/१५. मुलाने शिकवलेला नियम बरोबर उलटा वापरला, ही चूक नाहीच, ही तर त्या पानावरची सगळ्यात समजूतदार ओळ आहे असं माझं मत आहे.

सहकाऱ्यांना फोन केला. ते म्हणाले, "अहो मॅडम, पण ही पद्धत नेहमी चालत नाही ना. पुढच्या गणितात बघा, अडकलाय तो." ते बघितलंच होतं. पुढचं गणित ३/४ ÷ २/५. मुलाने वरती दीड लिहिलं, खाली ४/५ लिहिलं, मधे रेघ मारली आणि मग सगळं खोडून जागा कोरी सोडली.

आता हे जे खोडलंय ते बरोबर आहे. दीड भागिले ४/५, म्हणजे १.५/०.८, वर-खाली १० ने गुणलं की १५/८. तेच उत्तर. पद्धत अडकली नाही, फक्त पूर्ण भाग जात नाही म्हणून दिसायला वेडीवाकडी झाली आणि पोराला वाटलं आपण चुकलो. (पहिल्या गणितात आकडे इतके सोयीचे का होते, तर प्रश्न काढणारे नंतर छाटाछाट सोपी व्हावी म्हणून असेच आकडे निवडतात, ८ ला २ ने भाग जातो, १५ ला ३ ने. त्या सोयीच्या आकड्यांमुळेच हा रस्ता मुलाला दिसला, आणि दिसला म्हणून त्याच्यावर फुली.)

मग मी ठरवलं की उत्तर लिहायचं तर ह्याच खोडलेल्या ओळीपासून. अडचण एवढीच आहे की ३ ला २ ने पूर्ण भाग जात नाही आणि ४ ला ५ ने जात नाही. मग ३/४ चं असं सममूल्य रूप घ्यायचं की दोन्हीकडे भाग जाईल. अंश आणि छेद दोघांनाही २ × ५ ने गुणू:

(३ × २ × ५)/(४ × २ × ५) ÷ २/५

गुणाकार मुद्दाम करायचा नाही, ३०/४० लिहिलं की सगळं झाकलं जातं. आता मुलाच्याच पद्धतीने वरच्याला २ ने भागा, २ गेला, ३ × ५ उरले. खालच्याला ५ ने भागा, ५ गेला, ४ × २ उरले. उत्तर (३ × ५)/(४ × २), म्हणजे १५/८. आणि भाजक उलटा करून गुणा ह्या नेहमीच्या नियमाने येणारं ३/४ × ५/२ हेच नाही का? भाजकातला ५ वर आणि २ खाली कसा गेला ते इथे डोळ्यांसमोर दिसतं, कोणी काही "उलटं" केलं नाही, जे उरलं ते तसं उरलं. २ आणि ५ च्या जागी शून्य सोडून कुठलेही आकडे टाका, असंच होणार.

दुसरी बाजूही लिहिली, कारण फक्त आकड्यांनी सगळ्यांचं समाधान होत नाही. ३/४ मीटर पट्टीतून २/५ मीटरचे किती तुकडे निघतील? आधी अख्ख्या मीटरचं बघू. एका मीटरमध्ये पाच पंचमांश, एका तुकड्याला दोन लागतात, म्हणजे अडीच तुकडे. हा अडीच म्हणजेच ५/२, गुणाकार व्यस्त, "एकात किती वेळा" ह्याचं उत्तर. आपल्याकडे मीटर पाऊणच आहे, म्हणून अडीचची पाऊणपट. ५/२ × ३/४ = १५/८, एक पूर्णांक ७/८.

इथे पुष्कळ मुलं १ पूर्णांक ७/२० लिहितात आणि तीही हवेत आलेली नसतात. पट्टी १५/२० मीटर, तुकडा ८/२० मीटर, एक कापला की ७/२० मीटर उरते. उरलेली पट्टी बरोबर मोजली, पण मीटरमध्ये. प्रश्न तुकड्यांचा आहे, आणि आठातले सात भाग म्हणजे तुकड्याचा ७/८. ह्या चुकीवर नुसती फुली मारून काहीच होत नाही, मूल पुढच्या वेळी परत मीटरच मोजणार.

ज्या चुकीवर खरंच फुली हवी ती वेगळीच. ८/१५ ÷ २/३ ह्या आधीच्या गणितात भाजकाऐवजी पहिलाच अपूर्णांक उलटा करायचा: १५/८ × २/३ = ५/४. आमच्या वर्कशीटवर सूचना आहे की एकापेक्षा लहान अपूर्णांकाने भागलं तर उत्तर मूळ संख्येपेक्षा मोठं यायला हवं, तसा अंदाज घ्या. बरोबर आहे, पण ५/४ सुद्धा ८/१५ पेक्षा मोठाच आहे, अंदाज त्याला पकडत नाही. ४/५ ऐवजी ५/४, नेमका उलटा, आणि पहिला उलटवला की नेहमी तसंच होतं. पकडायचं तर परत गुणूनच, ५/४ × २/३ = ५/६, आणि हवे होते ८/१५. गठ्ठ्यात अशा एका प्रतीवर "थोडक्यात चुकले" म्हणून अर्धा मार्क दिलेला आहे, आणि ज्याने भागाकार समजून केला त्याला शून्य. नियमाची आठवण दिसली की मार्क आणि विचार दिसला की फुली, असं तपासणं मला पटत नाही, आणि ते मी फोनवर सांगितलंही.

सहकारी शेवटी म्हणाले की ४/५ ला मार्क देऊ, पण उत्तरसूचीत ही पद्धत छापू नका, मुलं गोंधळतील, परीक्षेत दुसरा तपासणारा कापेल. दुसरा तपासणारा कापेल हे खरं आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. तरी मी ती छापायला पाठवली, २ × ५ च्या ओळीसकट, आणि खाली टीप टाकली की आकड्यांना पूर्ण भाग जात नसेल तर आधी भाज्याचं सममूल्य रूप घ्या. ठेवायची की काढायची ते त्यांच्याकडून अजून आलेलं नाही.