तिसरीच्या बाईंचा वाचनतास

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवा, असं समितीचं पत्र आलं. कागद पुढे घेऊन बसलो आणि बाईंशिवाय दुसरं काही सुचेना. प्रार्थना, स्नेहसंमेलन, कबड्डीचा संघ यांवर बाकीचे लिहितीलच. मी फक्त शुक्रवारी मधल्या सुट्टीनंतरच्या वाचनतासाबद्दल लिहितो. बाईंचं नाव लिहायची गरज नाही. 'तिसरीच्या बाई' म्हटलं की आपल्या शाळेत कुणालाही कळतं.

बाई वर्गावर येईपर्यंत वाचनतास म्हणजे शिक्षाच होती. कपाट उघडायचं, हाताला येईल ते पुस्तक प्रत्येकाला द्यायचं, गप्प बसून वाचायचं आणि शेवटी वहीत सारांश लिहायचा. सारांश फार लिहावा लागू नये म्हणून आम्ही सगळ्यात पातळ पुस्तक मिळावं अशी धडपड करायचो. बाईंनी आल्या आल्या सारांश बंद केला. मग खिडकीच्या गजापासून फळ्याच्या खिळ्यापर्यंत सुतळी बांधली आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी दहा-बारा पुस्तकं लटकवली, मुखपृष्ठ आमच्याकडे करून. आठ-नऊ वर्षांचं पोर कपाटातल्या पुस्तकाच्या पाठीवरचं नाव वाचत नाही, ते चित्र बघून हात घालतं. पुस्तकं थोडी ठेवायच्या तेही मुद्दाम. पन्नास समोर ठेवली तर न वाचणारं पोर एकही उचलत नाही.

पण बाईंचं खरं कसब अर्धवट गोष्टीत होतं. तास चाळीस मिनिटांचा. त्यातली पहिली सात-आठ मिनिटं त्या स्वतः मोठ्यानं वाचायच्या. कुठं थांबायचं ते घरून ठरवून, त्या पानात कागदाची चिठ्ठी घालून आणायच्या. ही जागा प्रकरणाच्या शेवटी कधीच नसायची. प्रकरण संपलं की मुलाच्या मनात गोष्टही संपते. त्या थांबायच्या ते काहीतरी घडणार हे कळलंय, पण काय घडणार ते कळलेलं नाही, अशा वाक्याशी. पुस्तक मिटायचं, सुतळीला लावायचं आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं खुर्चीत बसून स्वतःचं पुस्तक उघडायचं. 'आता कोण वाचणार?' असंही विचारायचं नाही.

एक शुक्रवार मला अजून स्पष्ट आठवतो. माझ्या बाकावरचा मित्र वडगावच्या विणकरांच्या घरातला. घरात मागाचा खडखडाट आणि बोलणं सगळं कन्नड. मराठी तो गल्लीत शिकलेला, त्यामुळे बोलायला पटाईत, पण छापलेलं पान समोर आलं की मान खाली. त्या दिवशी बाईंनी यात्रेत हरवलेल्या शेळीची गोष्ट घेतली होती. शेळीच्या गळ्यातली दोरी गर्दीत तुटते आणि मुलगा मागं वळून बघतो, तिथं बाई थांबल्या. मित्र ताडकन उठला.

"पुढं काय झालं ओ बाई?"

"पुस्तक तिथंच आहे की. बघ जा."

तो गेला. दोघं-तिघं त्याच्या आधी सुतळीपाशी पोचले होते, पण बाईंनी पुस्तक त्यालाच दिलं. माझ्या शेजारी बसून तो बोट ठेवत वाचू लागला आणि दुसऱ्याच ओळीत अडकला. 'गर्दीतल्या' हा शब्द त्याच्यानं फुटेना. मी सांगितला. पुढं 'घुंगरांच्या' आला, तोही सांगितला. बाई लांबून बघत होत्या. मग येऊन त्यांनी त्याचा डावा हात पानावर उघडा ठेवला आणि म्हणाल्या, "एका पानात अडलास की एक बोट मिटायचं. पाची बोटं मिटली तर ते पुस्तक आज तुझं नाही, दिवाळीनंतर तुझं." त्याची चार मिटली. बाईंनी मला त्याच्यासोबत वाचायला बसवलं. एक ओळ मी, एक ओळ तो. तास संपेपर्यंत शेळी सापडली.

पाच बोटांची ही रीत अनेक शिक्षकांना ठाऊक असते, पण ती मुलाला नापास करायला वापरतात. बाई ती मुलाच्याच हातात द्यायच्या. पुस्तक परत ठेवणं हा त्यांच्या वर्गात गुन्हा नव्हता. नाही आवडलं तर लटकव आणि दुसरं घे. कुणी तेच पुस्तक चौथ्यांदा घेतलं तरी त्या हसून द्यायच्या.

पुढच्या शुक्रवारी त्यांनी मित्रासाठी वेगळीच गोष्ट आणली. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयात एकच चित्रपुस्तक अनेक भारतीय भाषांत निघतं. चित्रं तीच, मजकूर त्या त्या भाषेत. बाईंनी एकाच पुस्तकाची मराठी आणि कन्नड प्रत शेजारीशेजारी लावली. मित्रानं मराठी वर्गात वाचलं आणि कन्नड घरी नेलं. आजीला वाचून दाखवायला त्याला कन्नड अक्षरं नीट लागेनात, तर आजीनं चित्र बघून गोष्ट सांगितली आणि त्यानं ती ओळींवर बोट ठेवत जुळवली. आपल्या भागात निम्म्या घरांत दोन भाषा नांदतात. त्यावर भाषणं पुष्कळ होतात, पण दोन प्रती एका सुतळीवर लावणारी माणसं मी फार पाहिली नाहीत.

आज मी खानापूर तालुक्यात प्राथमिक शिक्षक आहे आणि तिसरीचा वर्ग मागून घेतो. बाईंची रीत जशीच्या तशी चालवतो. आता 'स्टोरीव्हीवर' या संकेतस्थळावर मराठी आणि कन्नड गोष्टी मोफत मिळतात, वाचनाची पातळीही आकड्यात लिहिलेली असते. त्या छापून शिवतो आणि सुतळीला लावतो. नऊ वर्षांच्या, पण वाचनाला कंटाळलेल्या मुलाला मी दुसऱ्या पातळीचं पुस्तक देतो, फक्त चित्रं लहान बाळांची नाहीत ना ते बघून घेतो. बाळबोध चित्र दिसलं की त्याला ते मित्रांसमोर हातात धरवत नाही.

एक मर्यादा मात्र सांगायलाच हवी. ज्याला जोडाक्षरंच नव्हे, साधी मात्रा-वेलांटीही लागत नाही, त्याच्यासाठी अर्धवट सोडलेली गोष्ट म्हणजे नुसता जाच. असं मूल ओळखू येतं. ते पानं भराभर उलटतं, नजर ओळीवरून सरकत नाही, आणि पुढं काय झालं विचारलं की चित्रात दिसतं तेवढंच सांगतं. त्याला मी शब्द नसलेलं चित्रपुस्तक देतो आणि गोष्ट त्यालाच सांगायला लावतो. तो सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहून घेतो. मग तो कागद त्याचं पहिलं वाचायचं पुस्तक होतो, कारण त्यातला प्रत्येक शब्द त्याच्या तोंडचाच असतो. बाईंनी हेही केलं होतं, मागच्या बाकावरच्या दोघांसाठी. तेव्हा आम्हाला वाटायचं की त्यांचे लाड चाललेत.

मध्यंतरी शाळेत आलो होतो. वाचनाच्या खोलीत आता संगणक आहेत, पुस्तकांचं कपाट जिन्याखाली गेलंय आणि वाचनतासाच्या जागी सराव परीक्षा असते. मन फार खट्टू झालं. समितीनं महोत्सवाच्या निधीतून कमान बांधायचं ठरवलंय असं कळलं. माझी विनंती आहे की त्यातला थोडा भाग तिसरी-चौथीच्या दोन भाषांतल्या जोडपुस्तकांसाठी ठेवावा आणि शुक्रवारचा तास वेळापत्रकात परत यावा. पहिल्या वर्षाची पुस्तकं मी बाईंच्या नावानं देईन. सुतळी बांधायला आणि गोष्ट कुठं थांबवायची ते नव्या शिक्षकांना दाखवायला शनिवारी दुपारी येत जाईन.