गोळी आधी, आवाज मागून

दिवाळीत साउंडबार घेतला. मागे ठेवायच्या दोन छोट्या स्पीकरसकट ५.१ चा, म्हणजे आवाजाचे पाच चॅनेल आणि एक वूफरचा. दुकानदाराने वर एक ऑप्टिकल केबल हातात ठेवली आणि म्हणाला, "गेमिंगवाल्यांना हीच लागते." घरी येऊन पाहतो तर आमच्या पीएस-५ ला ऑप्टिकलचं भोकच नाही. पीएस-४ ला होतं, त्यातल्या स्लिम मॉडेलमधून ते गेलं आणि पीएस-५ मध्ये परत आलंच नाही. म्हणजे कन्सोलचा आवाज एचडीएमआयने टीव्हीत आणि तिथून पुढे साउंडबारला, एवढाच रस्ता.

मग केबल टीव्हीच्या ऑप्टिकलला लावली. अर्धा तास आवाजच नाही. केबलच्या टोकांवर पारदर्शक प्लास्टिकच्या टोप्या असतात, एका टोकाची मी काढलीच नव्हती. ती काढून टोक तळहातासमोर धरलं तेव्हा लाल उजेड दिसला. मग आवाज आला, पण साउंडबारचा आवाज टीव्हीच्या रिमोटने कमीजास्त होईना. ऑप्टिकलमधून फक्त आवाज जातो, रिमोटचा हुकूम जात नाही. रोज दोन रिमोट शोधणं घरच्यांना मानवेना, म्हणून ऑप्टिकल काढून एआरसीकडे वळलो.

एआरसी म्हणजे टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलमधून उलट दिशेने साउंडबारकडे जाणं. हे टीव्हीच्या सगळ्या पोर्टवर होत नाही. ज्याच्या शेजारी ARC छापलंय त्यातच केबल हवी, आणि माझी आधी शेजारच्या पोर्टमध्ये होती. शिवाय टीव्ही आणि साउंडबार दोन्हीकडे सीईसी, म्हणजे एचडीएमआयमधून एकमेकांना रिमोटचा हुकूम पोचवायची सोय, चालू करावी लागली.

सगळं वाजायला लागलं आणि भाचा खेळायला बसला. पाच मिनिटांत हाक आली, "मामा, गोळी आधी सुटते आणि आवाज मागून येतो!"

गंमत अशी की टीव्हीवरच्याच अ‍ॅपमध्ये सिनेमा लावला तर ओठ आणि शब्द बरोबर जुळत होते. मी साउंडबारच्या सेटिंगमध्ये ऑडिओ डिले शोधून काढला आणि वाढवला. आवाज आणखी मागे पडला! मग शून्यावर आणला, तर पहिल्याइतकाच उशीर. इथे डोक्यात प्रकाश पडला: ही पट्टी आवाज फक्त थांबवू शकते, पुढे ओढू शकत नाही. आवाज चित्राच्या आधी येत असेल तरच तिचा उपयोग. मागून येत असेल, तर वाटेत वेळ कुठे जातोय तेच शोधायचं.

सिनेमाच्या वेळी टीव्ही चित्रावर बरीच प्रक्रिया करतो, त्यामुळे चित्रही उशिरा येतं आणि दोघं जुळतात. गेम मोडमध्ये ती प्रक्रिया बंद होते. चित्र लगेच येतं, आवाज मात्र पूर्वीच्याच चालीने.

मोजायला मोबाइल वापरला. सेकंदाला ६० फ्रेमवर गोळीबाराचं चित्रीकरण केलं, एडिटिंग अ‍ॅपमध्ये बंदुकीची ठिणगी आणि आवाजाचं शिखर यांमधल्या फ्रेम मोजल्या. एक फ्रेम म्हणजे साधारण १७ मिलिसेकंद. मोबाइलची स्वतःची चूक आणि गेमचा स्वतःचा उशीर वेगळा कळावा म्हणून आधी टीव्हीच्याच स्पीकरवर मोजलं: २ फ्रेम. साउंडबारवर ११.

पीएस-५ वर ध्वनीच्या सेटिंगमध्ये Audio Format (Priority) असतं. तिथे मी ५.१ च्या हौसेने डॉल्बी निवडलं होतं. यात कन्सोल आधी आवाज गोळा करून त्याची गाठोडी बांधतो. डॉल्बी डिजिटलच्या एका गाठोड्यात ३२ मिलिसेकंदांचा आवाज मावतो, आणि ते भरेपर्यंत पुढे काही जातच नाही. मग साउंडबार ते सोडवतो. माझ्या टीव्हीच्या डिजिटल आउटपुटला Auto होतं, ते Pass Through केल्यावर, म्हणजे टीव्हीने गाठोडं न उघडता तसंच पुढे पाठवल्यावर, ११ च्या ८ फ्रेम झाल्या. साउंडबारचा कृत्रिम सराउंड बंद केल्यावर ७. डॉल्बी काढून Linear PCM, म्हणजे गाठोडी न बांधता सुटाच जाणारा आवाज, निवडल्यावर ४. भाचा म्हणाला, "आता बरोबर."

किंमत मोजावी लागलीच. साध्या एआरसीतून, ऑप्टिकलसारखंच, पीसीएम दोनच चॅनेलचं जातं, त्यामुळे खेळताना मागचे स्पीकर मुके. ५.१ पीसीएम हवं तर टीव्ही आणि साउंडबार दोघांनाही ईएआरसी, म्हणजे एआरसीची जास्त क्षमतेची नवी आवृत्ती, लागते, किंवा साउंडबारला एचडीएमआय इनपुट हवा म्हणजे कन्सोल थेट त्यालाच जोडता येतो. माझ्या साउंडबारला यातलं काहीच नाही, आणि खोक्यावर ते बारीक अक्षरात लिहिलेलंही होतं.

सध्या गोळीबाराचे गेम पीसीएमवर चालतात. निवांत, गोष्टीचा गेम असला की मी डॉल्बीवर जातो. त्यात सात फ्रेमचा उशीर मला जाणवत नाही, भाच्याला जाणवतो.