रिपोर्टमधली एक ओळ

"कॅमेऱ्याचं घड्याळ अकरा मिनिटं पुढे आहे." वॉचमन काकांच्या रिपोर्टमधली ही ओळ सेक्रेटरींनी भरभर वाचली आणि पुढे गेले. मी तिथेच अडकलो.

रात्री 2:40 ला गेटजवळच्या स्कूटरचं हँडल लॉक तोडायचा प्रयत्न झाला. काकांनी टॉर्च मारून शिट्टी फुंकली, माणूस पळाला. त्यांनी लिहिलंय: "चेहरा दिसला नाही. उजव्या हातात लोखंडी पाना होता. बाहेर बाईक उभी होती असं समोरचा वॉचमन म्हणतो, मी पाहिली नाही." पोलीस येईपर्यंत कोणी लॉकला हात लावू नये म्हणून स्कूटरपुढे त्यांनी स्वतःची खुर्ची आडवी ठेवली.

"चेहरा नाही, मग उपयोग काय या कागदाचा?" एक सभासद म्हणाले.

मला ते फार लागलं. फुटेजमध्ये 2:40 ला गेट रिकामं दिसतं. माणूस दिसतो तो 2:51 ला. काकांनी ती ओळ लिहिली नसती, तर पहिलं बोट त्यांच्याकडेच गेलं असतं, झोपला असेल म्हणून. आणि डिस्क भरली की रेकॉर्डर जुनं चित्रण पुसून त्यावर नवं लिहितो, म्हणून "आजच कॉपी काढून ठेवावी" हेही त्यांनीच सुचवलं होतं.

कॉपी संध्याकाळी काढली. घड्याळ मात्र अजून तसंच आहे. तुमच्या गेटवरचं कोणी तपासतं का?