पिवळी शिवराई

नाण्यांची ओळख पटवून देण्याच्या माझ्या कामात दिवाळीच्या आधी, देवघरांची साफसफाई निघाली की, छायाचित्रांची संख्या वाढते. त्या दिवशी सातारा जिल्ह्यातील एका गृहस्थांनी पिवळ्याधमक नाण्याची दोन छायाचित्रे पाठवली आणि फोनवर विचारले, "साहेब, हा शिवाजी महाराजांचा होनच ना?"

एका बाजूस तीन ओळींत 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूस 'छत्र पति' अशी अक्षरे होती. १६७४च्या राज्याभिषेकानंतरच्या सोन्याच्या होनावर आणि तांब्याच्या शिवराईवर मजकूर हाच असतो, त्यामुळे केवळ तो वाचून निर्णय करता येत नव्हता. रंगावरही माझा भरवसा नव्हता, कारण छायाचित्रे समईच्या उजेडात काढलेली होती आणि त्या उजेडात खालचे स्टीलचे ताटसुद्धा पिवळे दिसत होते. म्हणून मी त्यांना नाणे न घासता, दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर ठेवून, शेजारी अलीकडचे एक रुपयाचे नाणे मांडून पुन्हा छायाचित्रे काढण्यास सांगितले. कडेचेही एक मागितले.

नव्या छायाचित्रांत पहिली गोष्ट दिसली ती आकाराची. अलीकडचे रुपयाचे नाणे २० ते २२ मिलिमीटरचे असते आणि हे नाणे जवळजवळ तेवढेच भरत होते. होन जेमतेम पावणेतीन ग्रॅमचा, त्यामुळे एवढ्या रुंदीचा असता तर पत्र्यासारखा पातळ झाला असता. कडेच्या छायाचित्रात तर चांगली जाडी दिसत होती. मग मी 'छत्र' आणि 'पति' यांच्यामधली जागा मोठी करून पाहिली. तिथे दोन समांतर आडव्या रेघा होत्या. अशी दुदांडी शिवराई महाराजांच्या काळातली नसून नंतरची, पेशवाईतली असते.

राहिला पिवळेपणाचा प्रश्न, आणि तो झिजेने सोडवला. अक्षरांचे उंच भाग, जिथे बोटांची आणि कपड्यांची घासण सर्वांत आधी लागते, तिथे तांबूस झाले होते. पिवळा रंग अक्षरांच्या खोबणीत टिकला होता आणि एके ठिकाणी त्याखालून हिरवट जंग वर आले होते. सबंध सोन्याचे नाणे कितीही झिजले तरी आतून तांबडे निघत नाही. कडेवर डाग दिल्याची छोटी खूणही होती. तांब्याच्या शिवराईला मुलामा देऊन, कडी लावून कोणीतरी ती गळ्यात वापरली असावी, असे मी कळवले. (गृहस्थांच्या आईला पणजीच्या गळ्यातला असा 'ताईत' आठवत होता.)

मुलामा सोन्याचा की आणखी कशाचा, हे छायाचित्रावरून ठरत नाही, ते सराफाकडेच तपासावे लागते. टांकसाळही सांगता आली नाही. पेशवाईत अनेक खाजगी टांकसाळींना परवाने दिलेले होते, आणि या शिवराईवर टांकसाळीचे नाव किंवा वर्ष नव्हते. त्यांनी किंमत विचारली, तेव्हा दुदांडी शिवराया आजही मुबलक मिळतात आणि मुलामा व डाग यांमुळे हिची किंमत साध्या शिवराईहूनही कमी येईल, असे मी स्पष्ट सांगितले. चिंच लावून ती उजळू नये, एवढी विनंती मात्र केली.