खरवसातली साखर तीस टक्के कमी करताना

लीड्सला आल्यावर चीक मिळणार नाही, हे मला माहीत होतं. साताऱ्यात आमच्या आळीत दूध घालणाऱ्या मावशी म्हैस व्यायली की आठवणीनं चिकाचा तांब्या आणून द्यायच्या, आणि त्या दिवशी संध्याकाळी घरात खरवसाचा वास असायचा. इथे आल्यावर इथल्या मराठी घरांत जो होतो तोच बिनचिकाचा खरवस मीही शिकले. कंडेन्स्ड मिल्कचा एक डबा, तेवढंच इव्हॅपोरेटेड मिल्क, तेवढंच घट्ट दही, वेलची, जायफळ. सगळं फेटायचं आणि पाण्याच्या ताटात ठेवून ओव्हनमध्ये भाजायचं. चिकाचा खरवस चिकातल्या प्रथिनांनी घट्ट बसतो. इथे ते काम दह्याचा आंबटपणा आणि उष्णता मिळून करतात.

या वर्षी मे महिन्यात घरी जायचं ठरलं तेव्हा आई फोनवर म्हणाली, "अगं, तो तुझा तिकडचा खरवस कर हं. पण अण्णांची साखर वाढलीय, तेव्हा गोड जरा कमी घाल. तीसेक टक्के कर की कमी."

मी लगेच हो म्हटलं. निघण्याआधी लीड्सलाच एकदा करून बघावं म्हणून वजनकाटा काढला आणि ४०० ग्रॅमच्या डब्यातलं २८० ग्रॅमच कंडेन्स्ड मिल्क घेतलं. बाकी सगळं तसंच ठेवलं. खरवस झाला, पण दुसऱ्या दिवशी फ्रीजमधून काढला तेव्हा भांड्याच्या कडेनं पाणी साचलं होतं. भांडं तिरकं करून चमच्यानं काढलं तर चार चमचे निघालं. वडी कापली की कडा ढासळायच्या, आणि खाताना जिभेला दह्याचा आंबटपणा आधी लागायचा. आणि गोड? तीस टक्के कमी वाटतच नव्हतं.

का बिघडलं, हे मी कागदावर मांडून पाहिलं, आणि तिथेच सगळं कळलं. कंडेन्स्ड मिल्क म्हणजे नुसती साखर नव्हे. ४०० ग्रॅमच्या डब्यात वरून घातलेली साखर साधारण १८० ग्रॅम असते, दुधाचा घन भाग, म्हणजे स्निग्धांश, प्रथिनं आणि दुधातली लॅक्टोज, ११० ग्रॅमच्या आसपास, आणि उरलेलं पाणी. मी १२० ग्रॅम कमी केलं तेव्हा ५४ ग्रॅम साखर गेली खरी, पण तिच्याबरोबर दुधाचा घन भागही तेहेतीस-चौतीस ग्रॅम गेला. एकूण मिश्रणात पाण्याचा वाटा वाढला. आधी शंभर ग्रॅम मिश्रणात ३७ ग्रॅम घन होतं, ते ३३ झालं. तेवढं पाणी धरून ठेवायला काही उरलं नाही, म्हणून ते कडेला आलं.

गोडाचं कोडंही तिथेच सुटलं. मूळ मिश्रण १२०० ग्रॅम, त्यात साखर १८०, म्हणजे १५ टक्के. माझ्या मिश्रणात साखर १२६ झाली, पण मिश्रणही १०८० ग्रॅमच राहिलं. साखर पावणेबारा टक्के. म्हणजे घासागणिक साखर बावीस टक्केच कमी झाली होती. मी डब्यातलं तीस टक्के काढलं, पण त्या जागी काहीच घातलं नाही, म्हणून वडीतलं तीस टक्के झालं नाही. जी जागा रिकामी होते ती बिनसाखरेच्या कशानं तरी भरल्याशिवाय टक्केवारीला अर्थ नाही.

आता १२० ग्रॅमची जागा कशानं भरायची? माझं उत्तर ६० ग्रॅम मिल्क पावडर आणि ६० ग्रॅम जादा इव्हॅपोरेटेड मिल्क, असं झालं. सगळी जागा पावडरीनंच भरली तर जिभेला पिठूळ लागतं, आणि पावडर दह्याच्या मिश्रणात गुठळ्या करते. त्याच्या जोडीला ५०० ग्रॅम दही पातळ कापडात बांधून टांगलं आणि ४०० ग्रॅम उरेपर्यंत पाणी गळू दिलं. दही त्यामुळे घट्टही झालं आणि थोडं कमी आंबटही लागलं. हा हिशेब केल्यावर घन भाग शंभरात ३६ वर आला, मूळच्या जवळ, आणि साखर १२०० ग्रॅममध्ये १२६, म्हणजे खरोखर तीस टक्के कमी.

मिल्क पावडर मी तशीच घातली नाही. साताऱ्याच्या माणसाला हे सुचायलाच हवं होतं. मोती चौकात लहानपणापासून कंदी पेढा खाल्ला आहे. तो पांढऱ्या पेढ्याइतका गोड नसतो आणि तरी कमी गोड वाटत नाही, कारण खवा खरपूस भाजलेला असतो. ती चव भाजण्याची आहे. म्हणून मी जाड बुडाच्या कढईत पावडर मंद आचेवर कोरडीच भाजली. हात थांबवायचा नाही. पाच-सहा मिनिटांनी ती बिस्किटाच्या रंगावर येते आणि घरात बासुंदीचा वास येतो, की लगेच ताटलीत काढायची. कढईत तशीच ठेवली तर पुढच्या मिनिटात तपकिरी होऊन कडवट होते. भाजलेली पावडर नीट विरघळत नाही, तेव्हा थोड्या कोमट दुधात फेटून, गाळणीतून दाबून मगच मिश्रणात घालायची.

दुसरी चूक मात्र भट्टीची होती. साखर कमी झाली की दुधातली प्रथिनं कमी उष्णतेलाच घट्ट व्हायला लागतात. साखर त्यांना थोडं थोपवून धरते, म्हणून जुन्या वेळेवर ठेवलं की खरवस शिजून पुढे जातो आणि प्रथिनांची जाळी आवळून पाणी बाहेर ढकलते. पहिल्या खेपेला पाणी सुटायचं हेही एक कारण होतं. मी १५० अंशावर पंचेचाळीस मिनिटं ठेवत असे. आता पस्तीस मिनिटांनी भांडं हलकेच हलवून बघते. कडा स्थिर आणि मधला ताटलीएवढा भाग दह्यासारखा थरथरला, की ओव्हन बंद करून दार किलकिलं ठेवायचं. उरलेला खरवस आतल्या गरमीनं बसतो. कापल्यावर आत बारीक छिद्रं दिसली तर समजायचं की आच जास्त झाली, साखरेचा दोष नाही.

या दुसऱ्या खेपेला पाणी जेमतेम एक चमचा सुटलं. वडी स्वच्छ कापली गेली.

साताऱ्यात गेल्यावर हेच घरच्या सामानात बसवायचं होतं. इव्हॅपोरेटेड मिल्कच्या डब्याच्या मागे मी फिरले नाही. आईचं म्हशीचं दूध साडेसहाशे मिलिलिटर घेऊन ४०० होईपर्यंत आटवलं, कारण म्हशीचं दूध मुळात दाट असतं, गाईचं असतं तर निम्मं करावं लागलं असतं. जादा ६० ग्रॅम लागतं, तेवढ्यासाठी आणखी शंभर मिलिलिटर. ओव्हन नव्हताच. आईनं कुकरची शिट्टी काढली, तळाशी पाणी घातलं आणि दोन डब्यांत मिश्रण ओतून वाफवायला ठेवलं.

"आच बारीक ठेव," मी म्हटलं.

"मला शिकवतेस होय गं खरवस?" आई हसत म्हणाली, पण आच बारीकच केली. डब्यांच्या झाकणाखाली फडकं बांधायची गोष्टही तिचीच. वाफेचे थेंब खरवसावर पडले तर वर खड्डे पडतात आणि वरचा थर पाणचट होतो. पंचवीस मिनिटांत खरवस झाला. पुढे एखाद-दोन मिनिटं झाली असती तर जास्त शिजला असता, कारण वाफेची उष्णता पाण्याच्या ताटापेक्षा थेट लागते.

आईला चव पटली, जायफळ मात्र तिनं माझ्या दुप्पट घातलं होतं. फ्रीजमधून काढून दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवूनच वाढला. अगदी गार पदार्थ जिभेला कमी गोड लागतो, आणि आपण आधीच कमी गोड केलेलं असतं, तेव्हा एवढा धीर धरायला हवा.

अण्णांसाठी मी एक गोष्ट मुद्दाम सांगून ठेवली. साखर ५४ ग्रॅम गेली, पण मिल्क पावडर आणि आटवलेल्या दुधामुळे लॅक्टोज साधारण १५ ग्रॅम वाढली. ती जिभेला फारशी गोड लागत नाही, रक्तात मात्र मोजली जाते. म्हणजे खरी बचत चाळीस ग्रॅमच्या जरा खालीच. तेव्हा बारीक तुकडा, एकच, हे माझं म्हणणं होतं. सोळा वड्या केल्या तर एका वडीत वरून घातलेली साखर सुमारे अकरा ग्रॅमवरून आठवर येते.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंनी विचारलं, अर्धी साखर काढता येईल का? मी २०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क घेऊन लीड्सला एकदा केला होता, आणि जागा पावडरीनं भरली होती. खरवस बसला, पण पिठूळ लागला आणि दह्याचा आंबटपणा लपला नाही. दहा ग्रॅम कॉर्नफ्लॉअर घातल्यावर पाणी सुटायचं थांबलं, पण मग त्याला कस्टर्डचा जडपणा आला. माझ्या हातानं चाळीस टक्क्यांच्या पुढे खरवसाचा खरवस राहत नाही.

आणि मग त्यांनी नारळाच्या वडीचं विचारलं. तिथे हा हिशेब लागू होत नाही, हे मला सांगावंच लागलं. खरवसात घट्ट बसवण्याचं काम दुधाची प्रथिनं करतात, साखर फक्त मदतीला असते. नारळाच्या वडीत पाक आटून निवताना साखरेचे जे खडे जमतात तेच वडीला धरतात. त्यातली तीस टक्के साखर काढली तर नारळाचा चव सुटासुटा होतो आणि वडी हातात येत नाही, शिवाय ओल्या नारळाचं पाणी मोकळं राहून ती दोन दिवसांत खराब होते. खवा घालून थोडंफार निभतं, पण त्याची मग खव्याची बर्फी होते. काकूंना मी एवढंच म्हटलं, की वडी आहे तशीच करा, साचा लहान घ्या.